काळ्या रेघेखालची पांढरी रेघ

गरोदरपणाच्या मध्यावर अनेकींच्या पोटावर एक काळसर रेघ उमटते. बेंबीपासून ती सरळ खाली जाते, काहींना बेंबीच्या वरही दिसते. बाळंतपणानंतर काही महिन्यांत ती फिकी होत जाते. ही रेघ त्वचेवरची असल्यामुळे सगळ्यांना दिसते, तिच्याबद्दल बायका एकमेकींशी बोलतात. तिच्या बरोबर खाली, स्नायूंच्या थरात, आणखी एक रेघ असते. ती कोणाला दिसत नाही. शरीरशास्त्रात तिला लिनिया अल्बा म्हणतात, म्हणजे शब्दशः पांढरी रेघ. फिजिओथेरपिस्ट म्हणून गरोदर आणि बाळंतीण बायकांबरोबर काम करताना माझा बराचसा वेळ या दुसऱ्या रेघेपाशी जातो.

पोटाच्या पुढच्या बाजूला, छातीच्या पिंजऱ्यापासून ओटीपोटाखालच्या हाडापर्यंत, स्नायूंचे दोन उभे पट्टे असतात. एक डावीकडे, एक उजवीकडे. या दोन पट्ट्यांना मधोमध जोडणारी शिवण म्हणजे ही पांढरी रेघ. ती स्नायूची नसते, चिवट तंतूंची असते. कुशीकडून येणाऱ्या आडव्या-तिरप्या स्नायूंची टोकंही इथेच येऊन एकमेकांत विणली जातात. म्हणजे डावीकडच्या स्नायूंनी ओढ घेतली की ती या शिवणीतून उजवीकडे पोचते. पोट एकसंध राहतं ते या विणीमुळे. बाळंतपण न झालेल्या बाईत बेंबीच्या आसपास या रेघेची रुंदी साधारण दोन सेंटिमीटरपर्यंत असते.

गर्भाशय वाढतं तसे दोन्ही पट्टे लांबतात आणि एकमेकांपासून बाजूला सरकतात. मधली शिवण रुंद आणि पातळ होते. ती फाटत नाही, ताणली जाते. याला डायस्टॅसिस म्हणतात. ‘पोटाचे स्नायू फाटलेत’ असं कोणीतरी सांगितल्यामुळे रडत आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, म्हणून हा फरक आधी सांगते. पोर्तुगालमध्ये पहिलटकरणींचा एक अभ्यास झाला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात ३५व्या आठवड्यात सोनोग्राफीने मोजल्यावर झाडून सगळ्यांच्या पोटात ही फट सापडली. म्हणजे नवव्या महिन्यात ‘मला फट आहे का’ या प्रश्नाचं उत्तर जवळपास ठरलेलंच आहे. विचारायचं ते हे, की दिवसभरातल्या कोणत्या हालचालीला ही ताणलेली शिवण बाहेर ढकलली जाते?

एका शाळेत शिकवणारी एक बाई मला आठवते. दुसरी खेप, २८वा आठवडा, पहिला मुलगा तीन वर्षांचा. तिला कुठेही दुखत नव्हतं. ती म्हणाली, “मॅडम, व्यायाम करताना पोटाच्या मधोमध काहीतरी उभं राहतं. बाळाचा पाय असेल का?”

मी तिला पाठीमागे उशा देऊन, गुडघे दुमडून मिनिटभर टेकायला सांगितलं. पाचव्या महिन्यानंतर सपाट उताणं फार वेळ ठेवायचं नसतं, कारण गर्भाशयाच्या भाराने पाठीमागची मोठी रक्तवाहिनी दबते आणि चक्कर येऊ शकते. मग म्हटलं, “फक्त डोकं उचला, पायाच्या बोटांकडे बघा.” तिने डोकं उचललं आणि छातीच्या खालपासून बेंबीपर्यंत, कौलारू घराच्या आढ्यासारखा, एक उभा उंचवटा वर आला. डोकं टेकलं की तो गायब. पुन्हा उचललं की पुन्हा हजर. बाळाचा पाय असा वागत नाही. तो एका कुशीला ढकलतो, जागा बदलतो, आईने डोकं उचलायची वाट पाहत नाही. हा उंचवटा नेमका मध्यरेषेवर येतो आणि ठरावीक हालचालीलाच येतो. एवढ्यावरून तो ओळखता येतो, त्यासाठी यंत्र लागत नाही. आरशासमोर किंवा नवऱ्याला बाजूने बघायला सांगूनही कळतं.

हे का होतं? डोकं आणि खांदे उचलताना ते दोन उभे पट्टे आकसतात. आकसताना ते सरळ, ताठ व्हायला बघतात. पण त्यांच्या मागे आता वाढलेलं गर्भाशय आहे, त्यामुळे पोटातला दाब वाढतो आणि सगळ्यात कमकुवत जागेतून बाहेर यायला बघतो. ती जागा म्हणजे ताणलेली शिवण. या स्नायूंच्या मागे सगळ्यात खोल एक आडवा स्नायू असतो, कमरेभोवती शेला गुंडाळावा तसा. तो वेळेवर आवळला तर शिवण ताठ राहते आणि उंचवटा कमी येतो. श्वास कोंडून, झटक्यात हालचाल केली की या स्नायूला संधीच मिळत नाही.

त्या बाईंचा व्यायाम मी विचारला. फोनवर बघून त्या आठवड्यातून तीन दिवस पोटाचे क्रंचेस, नौकासन आणि पाऊण मिनिटाचं प्लँक करत होत्या. पहिल्या खेपेनंतर पोट सुटलं, या वेळी तसं होऊ नये म्हणून. मग मी त्यांचा दिवस विचारला, आणि खरी गोष्ट तिथे होती. त्या जमिनीवरच्या गादीवर झोपत. रात्री तीन-चारदा लघवीला उठत. पहाटे उठणं वेगळं, दुपारी शाळेतून आल्यावर पाठ टेकून पुन्हा उठणं वेगळं. शिवाय मुलगा रात्री रडला की त्याच्यासाठी उठणं. आम्ही मोजलं तर दिवसाला आठेक वेळा त्या उताण्या स्थितीतून सरळ, पोटाच्या जोरावर झटका देऊन उठत होत्या. आठवड्याला छप्पन्न. प्रत्येक वेळी तेच आढं वर येत असणार. नौकासन आठवड्यातून तीनदाच.

म्हणून टाळायच्या हालचालींच्या माझ्या यादीत पहिलं नाव कोणत्याही आसनाचं नाही. अंथरुणातून सरळ उठणं, हेच पहिलं. त्याऐवजी आधी गुडघे दुमडायचे, खांदे आणि कंबर एकत्र ठेवून कुशीवर वळायचं, पाय पलंगाखाली सोडायचे आणि वरच्या हाताचा तळवा व खालचं कोपर यांच्या जोरावर बसायचं. बसताना श्वास सोडायचा. जमिनीवरच्या गादीवरून उठायचं असेल तर कुशीवरून हात-गुडघ्यांवर यायचं, एक पाय पुढे घ्यायचा आणि खुर्चीचा किंवा पलंगाचा आधार घेऊन उभं राहायचं. झोपायला जातानाही हाच रस्ता उलटा. पाठीवर धपकन पडायचं नाही. सोनोग्राफीच्या टेबलावर घाईने उठतानाही हे विसरलं जातं, तेव्हा तिथल्या बाईंना क्षणभर थांबायला सांगावं.

व्यायामातल्या टाळायच्या गोष्टी याच तर्काने कळतात. उताणं झोपून डोकं-खांदे उचलणारा प्रत्येक प्रकार, म्हणजे क्रंचेस, सिट-अप्स, सायकल मारत कोपर गुडघ्याला लावणं. दोन्ही पाय एकदम उचलणं, म्हणजे दोन पायांचं उत्तानपादासन आणि नौकासन. यात पायांचं सगळं वजन पोटाच्या भिंतीवर लटकतं. पूर्ण प्लँक आणि जमिनीवरच्या पुश-अप्स, कारण तिथे गर्भाशयाचा भार सरळ खाली, शिवणीवर येतो. चक्रासनासारख्या मागे वाकायच्या आसनांत शिवण लांबीलाही ताणली जाते. वजन हातात घेऊन कमरेतून पिळणं टाळावं. कपालभातीत पोट वारंवार झटक्याने आत मारलं जातं आणि कुंभकात श्वास कोंडला जातो. या दोन्ही गोष्टी मी गरोदर बाईला करू देत नाही. साधा दीर्घ श्वास, अनुलोम-विलोम, तेही श्वास न रोखता, चालतं. सूर्यनमस्कार पूर्वीपासून घालणाऱ्या बायकांना मी सरसकट बंद करायला सांगत नाही, पण त्यातल्या प्लँकसारख्या स्थितीत हात जमिनीऐवजी खुर्चीच्या बैठकीवर किंवा भिंतीवर ठेवायला लावते आणि पोटावर झोपायच्या स्थिती गाळते.

हात-गुडघ्यांवर येणं मात्र वर्ज्य नाही. मार्जारासनातल्यासारखं पाठ हळू गोल करणं बहुतेकींना छान वाटतं. इथेही कसोटी तीच. खाली बघा, पोटाच्या मध्यावर टोक येतंय का? येत असेल तर ती हालचाल आज तुमच्यासाठी नाही. एकच व्यायाम एकीला चालतो, दुसरीला चालत नाही, आणि तिलाच पाचव्या महिन्यात चाललेला आठव्यात चालत नाही. छापील याद्यांवर माझा म्हणून फार भरवसा नाही. त्या आढ्यावर आहे.

घरातली कामं मला व्यायामापेक्षा जास्त भीती घालतात. घरगुती गॅस सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि रिकामी टाकीच पंधरा किलोच्या आसपास असते. म्हणजे भरलेली उचलायची तर तीस किलोंची झुंज. पाण्याची भरलेली बादली पंधरा-वीस किलो. तीन वर्षांचं मूल जमिनीवरून उचलून कडेवर घ्यायचं, तर चौदा किलो आणि तेही एका बाजूला. नॉर्वेत ३०० पहिलटकरणींचा एक अभ्यास झाला होता, २०१६ साली प्रसिद्ध झालेला. आठवड्यातून वीसपेक्षा जास्त वेळा जड वजन उचलणाऱ्या बायकांत बाळंतपणानंतर वर्षभराने फट राहण्याचं प्रमाण अधिक आढळलं. आमच्याकडे आठवड्याला वीस हा आकडा अनेक घरांत दोन दिवसांत ओलांडला जातो. सिलिंडर आणि बादल्या घरातल्या दुसऱ्या कोणी उचलाव्यात, हे मी नवऱ्याला आणि सासूबाईंना समोर बसवून सांगते. मुलाला उचलावंच लागलं तर त्याला आधी स्टुलावर चढायला लावायचं, अंगाशी घट्ट धरायचं आणि उचलताना बशीतल्या चहावर घालतो तशी हलकी फुंकर घालत श्वास सोडायचा. त्या फुंकरीबरोबर तो आडवा खोल स्नायू आपोआप आवळतो. पोट मुद्दाम आत खेचून ठेवायची गरज नसते. दिवसभर आत खेचून ठेवणं उलट वाईट, त्याने दाब वर-खाली ढकलला जातो.

आणखी एक जागा आहे जिच्याबद्दल बोलायला बायका लाजतात. गरोदरपणात लोहाच्या गोळ्या सुरू असतात, त्यांनी अनेकींना बद्धकोष्ठ होतं आणि मग रोज सकाळी श्वास कोंडून कुंथणं होतं. पोटातला दाब त्या वेळी क्रंचेसइतकाच चढतो. पाणी, तंतुमय खाणं आणि गरज पडली तर डॉक्टरांना विचारून गोळी बदलणं, एवढं करावं. गोळी आपल्या मनाने बंद करू नये. खोकला असेल तर बसून, उशी पोटाशी धरून, जरा पुढे झुकून खोकावं.

या विषयात जाणकारांतही एकमत नाही, आणि ते वाचकांपासून लपवू नये. गरोदरपणातल्या व्यायामाबद्दल कॅनडाची २०१९ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की डायस्टॅसिस असलेल्या बायकांनी फिजिओथेरपिस्टचा सल्ला घ्यावा, कारण क्रंचेससारख्या व्यायामांनी ती वाढू शकते. चालण्यासारखा व्यायाम मात्र बेलाशक चालू ठेवावा. दुसरीकडे २०२३ साली नॉर्वेतल्याच संशोधकांनी बाळंतपण होऊन काही महिने झालेल्या, फट असलेल्या ७० बायकांवर प्रयोग प्रसिद्ध केला. त्यातल्या निम्म्यांनी बारा आठवडे डोकं-खांदे उचलायचे व्यायाम केले. त्यांची फट वाढली नाही आणि पोटाची ताकद वाढली. म्हणजे ‘क्रंचेस केले की फट वाढते’ हे विधान बाळंतपणानंतरच्या बायकांबाबत सरसकट खरं नाही. तरी गरोदरपणात मी ते बंदच ठेवते. शिवण रोज ताणली जात असताना तिच्यावर भार टाकून मिळवण्यासारखं फारसं काही नसतं. उताणं झोपणंही तेव्हा सोयीचं नसतं. बाळंतपणानंतर शिवण सावरायला लागते तेव्हा हिशेब बदलतो.

फट म्हणजे कंबरदुखी, असंही अनेक जणी धरून चालतात. त्याच ३०० बायकांच्या अभ्यासात फट असलेल्या आणि नसलेल्या बायकांच्या कंबरदुखीत फरक दिसला नव्हता. तेव्हा कंबर दुखत असेल तर तिचं कारण स्वतंत्रपणे शोधावं, सगळं या रेघेवर ढकलू नये. बेंबीपाशी मात्र गोल गाठ येत असेल तर ते डॉक्टरांना दाखवावं. तो हर्निया असू शकतो. ती गाठ दुखायला लागली, आत जाईनाशी झाली किंवा तिचा रंग बदलला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. व्यायाम करताना रक्तस्राव झाला, पाणी गेलं किंवा ठरावीक अंतराने कळा येऊ लागल्या, तर व्यायाम थांबवून लगेच डॉक्टरांकडे.

त्या शिक्षिका सिझेरियन न होता बाळंत झाल्या. माहेरी होत्या. त्यांच्या आईने जुन्या सुती लुगड्याने पोट बांधायला काढलं होतं. आई फोनवर मला म्हणाल्या, “बाई, बांधलं नाही तर पोट सुटतंच. आमच्या सगळ्यांचं बांधलंय.” मी बांधू नका म्हटलं नाही. मऊ कापडाने हलकं बांधलं तर पोटाला आधार वाटतो, उठता-बसताना बरं पडतं. पण कापड फट सांधत नाही, आणि करकचून बांधलं तर दाब खाली, गर्भाशय आणि लघवीची पिशवी तोलून धरणाऱ्या स्नायूंवर जातो. ते स्नायू नुकतेच बाळंतपणातून गेलेले असतात. बांधल्यावर पोटभर श्वास घेता येत नसेल, खाली जड वाटत असेल किंवा शिंकताना लघवीचे थेंब जात असतील, तर ते घट्ट झालंय. आईंनी दोन बोटं आत जातील इतकं सैल बांधलं.

पहिल्या आठ आठवड्यांत शिवण आपली आपण सगळ्यात जास्त आवळते, नंतर वेग मंदावतो. त्या आठव्या आठवड्यानंतर आल्या तेव्हा मी तपासलं. ही तपासणी घरीही करता येते. पाठीवर झोपून गुडघे दुमडायचे, बोटं बेंबीवर आडवी ठेवायची, श्वास सोडत डोकं जरासं उचलायचं. दोन्ही बाजूंना स्नायूंच्या कडा लागतात, मध्ये किती बोटं मावतात ते बघायचं. बेंबीच्या वर चार बोटांवर आणि खाली चार बोटांवरही तसंच. पण रुंदीइतकंच महत्त्वाचं म्हणजे बोटांखाली काय लागतं. खाली ताणलेल्या कापडासारखं ताठ लागलं तर शिवण काम करतेय. बोटं लोण्यात जावीत तशी बुडली, तर अजून नाही. त्यांना बेंबीच्या वर तीन बोटं आणि मऊ लागत होतं.

आम्ही सोप्यातून सुरुवात केली. कुशीवर झोपून फुंकर घालत श्वास सोडणं आणि त्याबरोबर लघवी रोखल्यासारखे खालचे स्नायू हलके वर घेणं, दिवसातून तीनदा, दहा-दहा वेळा. मग पाठीवर झोपून एक टाच जमिनीवरून सरकवत लांब नेणं आणि परत आणणं. मग हात-गुडघ्यांवर एक हात पुढे करणं. त्यानंतर भिंतीवरच्या पुश-अप्स, नंतर ओट्यावरच्या. प्रत्येक पायरीला आढं दिसलं की एक पायरी खाली. बाळाला दूध पाजण्याच्या वेळा सांभाळून हे रोज पंधरा मिनिटांत बसत होतं. सहाव्या महिन्यात दोन बोटं राहिली आणि शिवण ताठ लागायला लागली.

दहाव्या महिन्यात त्यांनी स्वतःच विचारलं, “मॅडम, आता नौकासन?” मी पोटावर हात ठेवून बसले. आधी एकच पाय उचलायला लावला, फुंकरीबरोबर. सपाट. मग दुसरा. सपाट. दोन्ही पाय एकदम उचलल्यावर बेंबीच्या वर एक छोटासा उंचवटा माझ्या बोटांना लागला. त्यांनाही तो जाणवला होता. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी एक पाय खाली टेकवला.